मॉस्फेटचं गेट करंट मागतं, तेही नेमक्या वेळी

"मॉस्फेट व्होल्टेजवर चालतो, गेट करंट घेतच नाही. लॉजिक लेव्हलचा मॉस्फेट घ्या, मायक्रोकंट्रोलरच्या पिनला थेट जोडा, ड्रायव्हरची गरज नाही. गेटला १ किलोओहम लावला की पिन सुरक्षित. त्या रेझिस्टरचं काम तेवढंच."

हा सल्ला कुठे टिकतो आणि कुठे फसतो ते तपासू. हिशोबासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. मॉस्फेट IRLZ44N, पिन ५ व्होल्टची, लोड २४ व्होल्टवर १० अँपिअर घेणारी डीसी मोटर, तिच्यावर उलटा डायोड लावलेला आणि पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झ.

पहिला मुद्दा करंटचा. मॉस्फेट पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असताना गेटमधून खरंच नगण्य करंट जातो, नॅनोअँपिअरमध्ये मोजण्याइतका. पण एका स्थितीतून दुसरीत जाताना गेटमध्ये चार्ज भरावा किंवा उपसावा लागतो. या भागाच्या डेटाशीटमध्ये ५ व्होल्टला एकूण गेट चार्ज जास्तीत जास्त ४८ नॅनोकूलोम दिला आहे. २० किलोहर्ट्झला त्याचा सरासरी करंट जेमतेम १ मिलिअँपिअर भरतो. मल्टिमीटरवर ही सरासरी पाहिली की वरचा दावा खरा वाटतो, आणि फसगत इथूनच सुरू होते. सरासरीला इथे महत्त्व नाही. तो चार्ज किती वेळात आत गेला, यावर मॉस्फेट किती तापेल ते ठरतं.

दुसरा मुद्दा त्या वेळेचा. पुष्कळ जण इनपुट कपॅसिटन्स १७०० पिकोफॅरड घेतात, १ किलोओहमने गुणतात आणि १.७ मायक्रोसेकंद हे उत्तर काढून निश्चिंत होतात. हे उत्तर चुकीचं आहे, कारण ड्रेनचं व्होल्टेज खाली यायला लागलं की गेट आणि ड्रेनमधला कपॅसिटन्स येणारा सगळा करंट स्वतःकडे ओढतो. गेटचं व्होल्टेज तिथेच अडकून राहतं. यालाच मिलर पठार म्हणतात. १० अँपिअरला या मॉस्फेटचं पठार साधारण ३ व्होल्टच्या आसपास येतं. पठार ओलांडायला लागणारा चार्ज डेटाशीटमध्ये `Qgd` या नावाने मिळतो, इथे जास्तीत जास्त २५ नॅनोकूलोम. तो आकडा ४४ व्होल्टला मोजलेला आहे, २४ व्होल्टला थोडा कमी भरेल. आपण सावध बाजू धरू.

```
चालू होताना: (5 - 3) V / 1000 Ω = 2 mA
              25 nC / 2 mA = 12.5 µs
बंद होताना:   3 V / 1000 Ω = 3 mA
              25 nC / 3 mA = 8.3 µs
नुकसान:       ½ × 24 V × 10 A × 20.8 µs × 20 kHz ≈ 50 W
```

एका आवर्तनाचे ५० मायक्रोसेकंद, त्यातले जवळपास २१ मायक्रोसेकंद मॉस्फेट अर्धवट चालू अवस्थेत, म्हणजे अंगावर व्होल्टेजही आणि करंटही. ड्रेन करंट चढण्या-उतरण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. याउलट मॉस्फेट पूर्ण चालू असतानाचं नुकसान २५ मिलिओहमने २.५ वॉट, तेही तो सतत चालू राहिला तर. या सर्किटमध्ये अधिक जाड मॉस्फेट शोधणं म्हणूनच उलटं पडतं: रोध कमी झाला तरी गेट चार्ज सहसा वाढतो आणि तो आणखी तापतो.

१ किलोओहमऐवजी १५० ओहम लावले, तर पिनचा स्वतःचा साधारण २५ ओहम रोध धरून नुकसान सुमारे ९ वॉटवर येतं. तरीही चांगला हीटसिंक हवाच. त्याहून खाली जायचं तर पिनची करंट मर्यादा आडवी येते. ३.३ व्होल्टच्या पिनची अवस्था तर याहून बिकट. ३ व्होल्टच्या पठारावर गेटकडे करंट ढकलायला जेमतेम ०.३ व्होल्ट उरतात. डेटाशीटमधल्या थ्रेशोल्ड व्होल्टेजवर इथे विसंबू नका. तो २५० मायक्रोअँपिअर ड्रेन करंटला मोजलेला असतो, १० अँपिअरला नव्हे.

मात्र दिवा किंवा सोलेनॉइड दिवसातून काही वेळा चालू-बंद करायचा असेल, तर हाच १ किलोओहम बिनदिक्कत चालतो. नुकसान वारंवारतेच्या प्रमाणात घटतं. ५०० हर्ट्झला ते सव्वा वॉट होतं, सेकंदाला एकदा केलं तर मोजण्याइतकंही राहत नाही. सूचना तिच्या जागी बरोबर आहे, चूक आहे ती पीडब्ल्यूएमला लावण्यात.

आता ड्रायव्हर. TC4427 ला १२ व्होल्ट द्या. हा मॉस्फेट गेटवर कमाल १६ व्होल्ट सोसतो, त्यामुळे १२ चालतात. ड्रायव्हरचा आतला रोध साधारण ७ ओहम, बाहेर १० ओहम. पठारावर चालू होताना ९ व्होल्ट भागिले १७ ओहम, म्हणजे अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त करंट. पठार सुमारे ४७ नॅनोसेकंदांत संपतं. बंद होताना उपसायला फक्त ३ व्होल्टचा जोर असतो, त्यामुळे सुमारे १४० नॅनोसेकंद लागतात. तरी दोन्ही मिळून नुकसान अर्ध्या वॉटच्या आत. बंद होणं आणखी वेगवान हवं असेल तर रेझिस्टरला समांतर शॉट्की डायोड लावा, कॅथोड ड्रायव्हरच्या बाजूला. ड्रायव्हरच्या सप्लाय पिनांना चिकटून १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच. तो नसेल तर अर्धा अँपिअर लांबच्या तारेतून यावा लागतो आणि ड्रायव्हरचा उपयोग उरत नाही.

मग तो १० ओहम कशासाठी? मुख्यतः गेटच्या वाटेतला इंडक्टन्स आणि गेटचा कपॅसिटन्स यांचं दोलन शमवण्यासाठी. छोट्या, आटोपशीर वाटेचा इंडक्टन्स १५ नॅनोहेन्री धरला तर दोलन पूर्ण शमायला लागणारा रोध `2√(L/C)`, म्हणजे सुमारे ६ ओहम. ड्रायव्हरपासून १५ सेंटिमीटरची तार ओढली की इंडक्टन्स १५० नॅनोहेन्रीच्या घरात जातो आणि तोच आकडा १९ ओहमपर्यंत चढतो. ड्रायव्हरचा आणि गेटचा आतला रोधही यात मोजला जातो. शून्य ओहम ठेवून लांब तार वापरली तर १२ व्होल्टवरचं दोलन १६ ओलांडू शकतं, आणि गेटचा ऑक्साइड एकदा फुटला की मॉस्फेट गेला. मॉस्फेट समांतर जोडले असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या, नाहीतर ते एकमेकांच्या गेटमधून दोलायला लागतात.

या रेझिस्टरचं दुसरं काम वेग आवरण्याचं. उलट्या डायोडला सावरायला वेळ मिळतो आणि मोटरच्या तारांतून बाहेर पडणारा गोंगाट कमी होतो. रेझिस्टर ऊर्जा खातो ही शंकाही काढून टाकायला हवी. गेट भरण्या-उपसण्यातलं नुकसान चार्ज गुणिले व्होल्टेज गुणिले वारंवारता इतकंच असतं. ते रेझिस्टर आणि ड्रायव्हर यांच्यात वाटलं जातं, रेझिस्टर वाढवल्याने वाढत नाही. इथे ते मिलिवॉटमध्येच आहे.

गेट आणि सोर्समधला १० किलोओहम हा निराळा भाग. रीसेटच्या वेळी पिन तरंगत असताना मॉस्फेट आपोआप चालू होऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. चालू-बंदच्या वेगाशी त्याचा संबंध नाही.

पडताळणी ऑसिलोस्कोपवर करा. प्रोबची लांब ग्राउंड तार काढून टोकाजवळची छोटी स्प्रिंग लावा, कारण लांब तारेमुळे प्रत्यक्षात नसलेलं दोलनही दिसतं. गेट आणि सोर्समधलं व्होल्टेज पाहा. ३ व्होल्टजवळचा आडवा टप्पा मायक्रोसेकंदांत मोजावा लागत असेल तर ड्राइव्ह दुबळा आहे. टप्पा नॅनोसेकंदांत संपतोय, पण वर गेल्यावर लाटा उठत असतील, तर आधी वाट आखूड करा आणि मग रेझिस्टर ४.७ वरून १०, १० वरून २२ ओहम असा वाढवत जा. लाटा १६ व्होल्टच्या बऱ्याच खाली राहिल्या की थांबा आणि हीटसिंकचं तापमान पुन्हा मोजा.