चार्जरच्या बारीक आवाजाबद्दल खुलासा

“चार्जरमधून गुणगुण आली म्हणजे तो फुटणार, लगेच फेकून द्या.” (जळगाव-धुळ्याकडे फिरणारा संदेश)

हा सरसकट निष्कर्ष चुकीचा आहे. चार्जरमधील ट्रान्सफॉर्मरला वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून दिली जाते आणि त्यामुळे त्याचा गाभा व तारांचे वेढे किंचित थरथरतात. एरवी ही कंपने 20 किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे कानाला न कळणारी असतात. फोन पूर्ण भरत आला, की अनेक चार्जर वीज थांबून थांबून देतात आणि तेव्हा ती ऐकू येतात. म्हणून रात्री पंखा बंद असताना, कान जवळ नेल्यावरच जाणवणारी आणि फोन काढताच बदलणारी गुणगुण सामान्य समजावी. मात्र तडतड, जळका वास किंवा काळवंडलेले प्लास्टिक आढळल्यास आधी बोर्डाचे बटण बंद करावे, मगच चार्जर काढावा. तडतड अनेकदा सैल सॉकेटमधील ठिणग्यांची असते, त्यामुळे सॉकेटही तपासून घ्यावे.