इंजेक्टर क्लीनिंगच्या २,८०० रुपयांबद्दल गॅरेजकडून उत्तर

★☆☆☆☆
"ॲव्हरेज कमी झालं म्हणून गाडी दिली होती. इंजेक्टर क्लीनिंगचे २,८०० रुपये घेतले. पंपावर २५० रुपयांची बाटली मिळते, तेच काम करते. ॲव्हरेज एक किलोमीटरनेही वाढलं नाही. संध्याकाळी देतो म्हणाले आणि गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी दिली. विचारलं तर पोरगा नीट बोलला नाही. पैसे वाया."

साहेब, नमस्कार. उशीर झाला ही आमची चूक, आणि तो कळवायला सात वाजले ही त्याहून मोठी. मुलगा तुमच्याशी तुटक बोलला त्याचीही माफी मागतो, त्याला समज दिली आहे. पण "बाटली तेच काम करते" हे वाक्य मनाला लागलं. ते वाचून उद्या कुणीतरी गाडी न दाखवता टाकीत नुसत्या क्लीनरच्या बाटल्या ओतत बसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

बाटली खोटी असते असं आम्ही कधीच म्हणत नाही. तुमच्या गाडीत, म्हणजे साध्या एमपीएफआय पेट्रोल इंजिनात, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकावर जो थर बसतो तो गाडी चालताना फारसा बसत नाही, गाडी बंद केल्यावर बसतो. गरम इंजिन बंद केलं की टोकाच्या बारीक भोकांपाशी पेट्रोलचा पातळ थर उरतो. पेट्रोल आणि हवा थांबलेली, पण इंजिनाची धग चालूच. त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग डिंकासारखा चिकटून राहतो. घर ते ऑफिस तीन किलोमीटर, दिवसातून चार वेळा बंद-चालू, अशा वापरात हा थर लवकर वाढतो. असा थर पातळ असताना चांगली बाटली तो खरंच काढते. त्यासाठी तिच्यात पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए हे डिटर्जंट, पुरेसं असायला हवं. लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं नसेल, तर बऱ्याचदा आत बहुतांशी रॉकेलसारखं सॉल्व्हंट असतं. सॉल्व्हंटवर इंजिन चालतं, पण पक्का बसलेला थर त्याने निघत नाही.

आता तुमच्या गाडीचं. खोलण्याआधी स्कॅनर लावला होता आणि आकडे जॉब कार्डवर लिहिले आहेत. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक ११ टक्के, आयडलवर आणि २,५०० आरपीएमवर जवळजवळ सारखाच. ट्रिम म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती जास्त पेट्रोल सोडतोय तो हिशेब. पाच टक्क्यांच्या आत असला तर आम्ही त्याच्या वाटेला जात नाही. हवा कुठून तरी आत शिरत असती तर आयडलवर आकडा मोठा आणि रेस केल्यावर लहान दिसला असता. इथे दोन्हीकडे सारखा, म्हणून पेट्रोलच कमी येतंय असा संशय. पंपाचं प्रेशर मोजलं, बरोबर निघालं. मिसफायरची नोंद फक्त तीन नंबरच्या सिलिंडरवर. एवढं झाल्यावरच इंजेक्टर काढायला तुमची परवानगी घेतली.

चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर एकाच वेळी, एकाच प्रेशरवर चालवले. खालच्या काचेच्या नळ्यांत जमलं ते असं: पहिला ५८ मिली, दुसरा ६१, तिसरा ४९, चौथा ६०. तिसऱ्याचा फवारा शंकूसारखा पडत नव्हता, एका बाजूने सरळ धार लागत होती. त्यात पेट्रोल शिरतं त्या तोंडाची बारीक जाळी काढून पांढऱ्या कागदावर आपटली तेव्हा चिमूटभर तपकिरी बारीक कण पडले, बोटात चोळल्यावर खरखरीत लागणारे. तो गंज आणि गाळ आहे. डिटर्जंट गंज विरघळवत नाही, मग बाटली २५० ची असो नाहीतर १,५०० ची. ही जाळी आत बसलेली असते, इंजेक्टर उतरवल्याशिवाय तिला हात लागत नाही. कागदाची पुडी तुमच्या जॉब कार्डला टाचून ठेवली आहे.

मग जाळ्या आणि ओ-रिंग काढून इंजेक्टर चालू-बंद करत अल्ट्रासॉनिकच्या टबात ठेवले, उलट दिशेने धुतले, नव्या जाळ्या बसवल्या आणि पुन्हा मोजले: ६१, ६२, ६०, ६१. गाडीत बसवून शिकलेला ट्रिम पुसला. चालवल्यावर तो अधिक ३ वर स्थिरावला आणि आयडलची थरथर गेली. थरथर गेल्याचं चक्कर मारताना तुम्ही स्वतः म्हणालात. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख नाही, याचं वाईट वाटलं.

तरी ॲव्हरेज का वाढलं नाही? याचं उत्तर त्याच आकड्यांत आहे आणि गाडी देताना ते नीट समजावलं नाही, ही आमची खरी चूक. तुमच्या इंजिनात चार सिलिंडरना सेन्सर एकच. त्याला चौघांची सरासरी दिसते. सफाईआधीची सरासरी ५७ मिली, त्यावर ११ टक्के वाढीव, म्हणजे साधारण ६३. सफाईनंतरची सरासरी ६१, त्यावर ३ टक्के, म्हणजे पुन्हा ६३. एकूण पेट्रोल आधीही तेवढंच जळत होतं, आत्ताही तेवढंच जळतंय. फरक वाटपात होता. वाढीव पेट्रोल धरूनही तिसऱ्याला ५४ मिलीच पोचत होतं आणि दुसऱ्याला ६८. तिसरा उपाशी, दुसऱ्याला जास्त, म्हणून गाडी थरथरायची आणि पिकअपला अडखळायची. कमी-जास्त मिश्रणाने थोडं पेट्रोल वाया जातंच, पण ते रोजच्या भरण्यात डोळ्यांना दिसेल एवढं नसतं. म्हणून "इंजेक्टर साफ करा, ॲव्हरेज वीस टक्के वाढवा" ही पाटी कुठेही दिसली तर विश्वास ठेवू नका. ज्या गाडीचा ट्रिम आधीच ठीक आहे तिचे इंजेक्टर दर दहा हजार किलोमीटरला साफ करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आम्ही अशा गाड्या परत पाठवतो.

उरलेला अधिक ३ बहुतेक पेट्रोलमुळेच. तुमची गाडी जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने बनलेली आहे आणि आता पंपावर मिळतं ते ई-२०. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. वीस टक्के इथेनॉल म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि आधीच्या दहा टक्केवाल्या पेट्रोलच्या तुलनेत त्याच्या निम्मी. ही घट कुठलीही बाटली भरून काढत नाही. "इथेनॉलचा परिणाम घालवते" असं लिहिलेली बाटली फार तर गंजापासून थोडं संरक्षण देईल, टाकीतलं इथेनॉल नाहीसं करणार नाही. पावसाळ्यात टाकीत जास्त पाणी जाऊन इथेनॉल आणि पाणी तळाला वेगळं झालं, तर टाकी रिकामी करणं हाच उपाय.

ऑक्टेनच्या बाटलीबद्दल तुम्ही विचारलं होतं, तेव्हा गर्दीत उत्तर राहिलं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, आपोआप पेट घेण्याला पेट्रोल किती विरोध करतं त्याचं माप. तुमचं इंजिन चढावर टकटक करत नाही, मग त्याला जास्त ऑक्टेनचा उपयोग नाही. बाटलीवर "३० पॉइंट" लिहिलेलं असतं, तेव्हा बहुधा एक पॉइंट म्हणजे ०.१ असतो, म्हणजे ९१ चं ९४ होईल. ९१ चं १२१ नाही.

आणि एक गोष्ट लिहायची नव्हती, पण विषय बाटलीचाच आहे. तुम्हीच सांगितलंत की हजार रुपयांच्या पेट्रोलात दोन-दोन बाटल्या ओतल्या, सलग दोन वेळा. एक बाटली भरल्या टाकीसाठी, चाळीसेक लिटरसाठी असते. तुम्ही ती नऊ-दहा लिटरात दोन टाकल्या, म्हणजे आठपट. जास्त घातल्याने थर लवकर निघत नाही, त्याला वेळ लागतो. जड डिटर्जंट पूर्ण जळत नाही, रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये जातं, आणि तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल तेवढं तापत नाही की त्यातलं पेट्रोल उडून जावं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून कार्डवर "ऑइल लवकर बदला" लिहिलं. वापरायचीच असेल तर ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत एक बाटली टाका, वर टाकी फुल करा म्हणजे ती ढवळली जाईल, आणि मधे न भरता जवळजवळ रिकामी होईपर्यंत चालवा, शक्यतो हायवेवर. वर्षातून एकदा पुरे.

दुसऱ्या प्रकारच्या इंजिनवाल्यांसाठी दोनच वाक्यं. डिझेलमधला कॉमन रेलचा इंजेक्टर आतून झिजून रिटर्न जास्त मारत, म्हणजे जास्त डिझेल परत टाकीकडे सोडत असेल तर बाटलीने झीज भरत नाही, आधी रिटर्नची चाचणी करून घ्या. आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हाल्व्हला लागतच नाही, तेव्हा टाकीतली बाटली तिथला कार्बन काढू शकत नाही.

२,८०० चा हिशेब: काढणं-बसवणं १,०००, टेस्टिंग आणि सफाई ३०० प्रमाणे चारांचे १,२००, ओ-रिंग आणि जाळ्यांचा संच ६००. उशीर झाला तो याच संचामुळे. जुन्या ओ-रिंग चपट्या आणि कडक झाल्या होत्या. त्याच परत बसवल्या असत्या तर गाडी संध्याकाळी मिळाली असती आणि गरम इंजिनावर पेट्रोल पाझरलं असतं. ती जोखीम आम्ही घेतली नाही.

यापुढे अंदाजपत्रक आणि फोटो आधी पाठवू, उशिराचा फोन वेळेत करू, दरपत्रकही लावायचं मनात आहे.

ॲव्हरेजचं खरं कारण मात्र कार्डच्या खालच्या ओळीत आहे. चारही टायरमध्ये हवा २४, दारावरच्या स्टिकरवर ३३. पुढचं डावं चाक पंधरा मिनिटांच्या चकरीनंतर हात लावू देत नव्हतं, उजवं कोमट. कॅलिपरची पिन अडकून ब्रेक घासतोय. "ते नंतर बघू" म्हणालात म्हणून आम्ही हात लावला नाही. हवा त्याच दिवशी भरून दिली. पिन साफ करून ग्रीस लावायला तासभर लागतो, मजुरी घेणार नाही, कुठल्याही दिवशी सकाळी दहाच्या आधी या. त्यानंतर टाकी पहिल्या कटपर्यंत फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान ३०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरून भागाकार करा. पाचशे-पाचशेचं टाकून काट्यावरून काढलेलं ॲव्हरेज धरू नका.