दोघांच्याही हृदयातून पाच लिटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «बी.पी.एड.च्या पोरांना व्यायाम शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात गणित कशाला? तुमच्या नमुना पेपरात ७० पैकी २० गुण आकडेमोडीला. वर उत्तर चुकलं तरी गुण द्यायचे म्हणता! मुलांना वेळ पुरणार नाही, आणि गुणांची खैरात होईल ती वेगळीच.»

नमस्कार सर,

वेळेचं तुमचं म्हणणं मान्य, त्यावर शेवटी येते. आधी आकडेमोडीच्या दोन प्रश्नांपैकी पहिला एकदा पूर्ण बघू, कारण तो गणितासाठी घातलेलाच नाही.

प्रश्नात दोन तरुण आहेत. विश्रांतीत अ ची हृदयगती मिनिटाला ७२ आणि स्ट्रोक व्हॉल्यूम, म्हणजे एका ठोक्यात हृदयातून बाहेर पडणारं रक्त, ७० मिली. ब ची गती ४८ आणि स्ट्रोक व्हॉल्यूम १०५ मिली. दोघांचं कार्डिअ‍ॅक आउटपुट, म्हणजे मिनिटाला हृदयातून बाहेर पडणारं रक्त, काढा, मग सहनशक्तीचा सराव कोणाचा असावा ते कारणासह सांगा. गुणाकार केला की दोन्हीकडे ५०४० मिली येतं. आकडे मुद्दाम तसे निवडलेत. «सरावाने हृदय मोठं व बळकट होतं, म्हणून खेळाडूचं हृदय जास्त रक्त फेकतं» हे वाक्य आपली मुलं टिपेत झोकात लिहितात आणि आपण त्याला बरोबरची खूण करतो. एका ठोक्यात जास्त, हे खरं. पण स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला लागतं पाचेक लिटरच, त्यामुळे ब चं हृदय तेवढंच काम कमी ठोक्यांत उरकतं. ज्याला हे समजलं नाही तो दोन सारखी उत्तरं बघून गोंधळतो आणि आपलं काहीतरी चुकलं म्हणून खाडाखोड करतो. टिपेत हे कधीच उघडं पडत नाही.

पुढचा भाग कमाल श्रमाचा. दोघांची गती १९०, स्ट्रोक व्हॉल्यूम ११० आणि १६० मिली. धमनी आणि शिरेतल्या रक्तामधला ऑक्सिजनचा फरक दोघांतही दर १०० मिली रक्तामागे १५ मिली धरायचा. (सराव असलेल्याचा तो थोडा जास्त असतो, पण इथे एकच गोष्ट बदलायची होती.) अ चं आउटपुट २०.९ लिटर, आणि व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त वापरू शकतं तो ऑक्सिजन, मिनिटाला सुमारे ३.१ लिटर. ब चं ३०.४ आणि ४.५६. फरक कुठून आला? गती तर सारखीच आहे. एवढं एका वाक्यात लिहिलं की २ गुण.

आता खैरातीबद्दल. समजा, मुलाने १९० गुणिले ११० करताना बेरजेत चूक करून १९.९ लिटर लिहिलं. त्या पायरीचा गुण गेला. पुढे त्याने १९.९ वरून २.९८५ काढलं, तर पुढची पायरी त्याने बरोबरच केली आहे. तिचा गुण त्याचा. बेरजेतल्या एकाच चुकीसाठी तीनदा गुण कापले, तर आपण शरीरक्रियाशास्त्र तपासत नाही, पाढे तपासतो.

पण दुसरा मुलगा «दर १०० मिली» विसरून थेट १५ ने गुणतो आणि मिनिटाला ३१३.५ लिटर ऑक्सिजन लिहून मोकळा होतो. त्याला सूत्राचा गुण द्या, उत्तराचा नाही. माणूस किती ऑक्सिजन वापरू शकतो याचा अंदाजच नसणं ही विषयातली चूक आहे. हा भेद गुणदान योजनेत आधीच लिहून ठेवावा लागतो. नाहीतर एक परीक्षक दोघांना शून्य देतो, दुसरा दोघांना सढळ हाताने देतो, आणि मॉडरेशनला भांडणं होतात. मी स्वतः अशी योजना न लिहिता एकदा पेपर काढला होता. एकाच उत्तराला दोन परीक्षकांनी १० पैकी ३ आणि ८ दिले, आणि दोघांचंही म्हणणं मला पटत होतं!

पाठांतराला जागा ठेवलीच आहे: १० बहुपर्यायी आणि ४ गुणांच्या ५ टिपा. बहुपर्यायीत चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतून घेतलेत. दुसऱ्या दिवशी पाय का दुखतात, याला «साठलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड» हा पर्याय आहेच. लॅक्टेट तासाभरात जवळपास पूर्ववत होतं, हे ज्याने समजून घेतलंय तो त्याला भुलणार नाही. «वरीलपैकी सर्व» मात्र कुठेच नाही. दोन पर्याय बरोबर दिसले की मुलं डोळे झाकून त्यावरच खूण करतात.

आता वेळ. ३ तासांत ७० गुण म्हणजे १० गुणांना साधारण २५ मिनिटं. तुमची प्रतिक्रिया वाचून मी घड्याळ लावून तो प्रश्न सोडवला. मला ९ मिनिटं लागली, आणि मुलांना शिक्षकाच्या तिप्पट वेळ धरायचा हा माझा नेहमीचा हिशेब. म्हणजे २७. असे दोन प्रश्न बसत नाहीत. दुसरा आकडेमोडीचा प्रश्न काढून टाकते. त्याचे १० गुण ऊर्जाप्रणालींवरच्या दीर्घोत्तरी प्रश्नाला जातील, म्हणजे दीर्घोत्तरीचे एकूण ३० होतील. त्याला «किंवा» देताना दुसरा पर्यायही स्पष्टीकरणाचाच ठेवीन. एकीकडे «स्पष्ट करा» आणि दुसरीकडे «प्रकार लिहा» असं झालं तर सगळा वर्ग प्रकारच लिहून येईल.