किलोचा भाव पुरे, घनता छापा!

थ्रीडी प्रिंटरची प्लास्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, विकणाऱ्यांनो, ती गुंडाळलेल्या स्पूलच्या लेबलवर घनता छापायला तुमचं नेमकं काय जातं? रंगाचं नाव ठळक, नोझलचं तापमान ठळक, आणि ज्या आकड्याशिवाय दोन स्पूलची किंमत ताडूनच पाहता येत नाही, तो गायब. 'वजन १ किलो' लिहिलं की यांची जबाबदारी संपली. मी वस्तू छापतो ती घन सेंटिमीटरमध्ये. वस्तूचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्लायसर, बाहेरच्या भिंती आणि आतली भर, म्हणजे इनफिल, मोजतो तेही आकारमानात. मग भाव किलोवर का लावता?

साधं उदाहरण घ्या, पीएलए आणि एबीएस या छपाईच्या दोन प्लास्टिकचं. पीएलएची घनता साधारण १.२४, एबीएसची १.०४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे एक किलो पीएलएमध्ये ८०६ घन सेंटिमीटर माल येतो आणि एक किलो एबीएसमध्ये ९६२. आता पीएलएचा भाव १०० धरा, एबीएसचा ११०. लेबल वाचणारा म्हणणार एबीएस दहा टक्के महाग. भागाकार करून बघा, तोच एबीएस दर घन सेंटिमीटरला सुमारे आठ टक्के स्वस्त पडतो! धातूची भुकटी मिसळलेल्या फिलामेंटची तर गोष्टच सोडा. काहींची घनता चारच्या आसपास जाते, म्हणजे एका किलोत पीएलएच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी माल. तरी यादीत सगळे एकाच 'किलोचा भाव' रकान्यात शेजारी शेजारी उभे.

काही जण उदार होऊन लांबी छापतात. ती लांबी कुठून येते ते बघितलं की डोकं आणखी तापतं. वजन m, घनता ρ आणि तारेचा व्यास d धरला, तर लांबी L चा हिशोब एवढाच आहे:

```
L = m / (ρ × π × d² / 4)
```

१.७५ मिलिमीटरच्या तारेचं छेदक्षेत्र २.४०५ चौरस मिलिमीटर, म्हणून एका मीटरमध्ये २.४०५ घन सेंटिमीटर. त्याला १.२४ ने गुणलं की पीएलएचा एक मीटर जेमतेम ३ ग्रॅम भरतो आणि किलोला ३३५ मीटर मिळतात. माझ्याकडे आलेल्या पीएलएच्या स्पूलवर काय छापलंय? ४०० मीटर! हजार भागिले चारशे, म्हणजे मीटरला अडीच ग्रॅम. हा आकडा एबीएसचा आहे. एबीएसचं लेबल उचलून पीएलएवर डकवलं, आणि कुणी गुणाकार करणार नाही याची यांना खात्री. मी १० मीटर कापून तोललं, वजन ३० ग्रॅमच्या जवळ आलं. अडीच ग्रॅमचा दावा खरा असता तर २५ भरलं असतं. एवढा फरक स्वयंपाकघरातला काटाही दाखवतो. छापलेल्या लांबीतले ६५ मीटर कधी अस्तित्वातच नव्हते, आणि दर मीटरचा भाव मात्र त्यांना धरून काढलेला.

बरं, लांबी खरी असली तरी तिच्यावर भाव तोलणं धोक्याचंच. तार १.७५ ऐवजी १.७० निघाली, तर त्याच एका किलोत ३५५ मीटर बसतात. ब्रँड ओरडणार, 'आमच्याकडे २० मीटर जास्त!' अहो, प्लास्टिक तेवढंच आहे, फक्त तार बारीक आहे. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून तीन टक्क्यांची घट आकारमानात सहा टक्के होते. स्लायसर तार १.७५ चीच समजून ढकलत राहतो, त्यामुळे सहा टक्के माल कमी पडतो आणि थरांमध्ये फटी दिसतात. कॅलिपरने एकाच जागी मोजून भागत नाही. दोन-तीन मीटरवर, दर ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा आणि सरासरी घ्या.

आणि ते 'एकूण वजन' नावाचं प्रकरण! रिकामा प्लास्टिकचा स्पूल २०० ग्रॅमच्या आसपास सहज असतो. तो धरून एक किलो म्हणायचं, म्हणजे माल ८०० ग्रॅम आणि भाव किलोचा. हे कळायला स्पूल पूर्ण संपवून रिकामा तोलावा लागतो, तोवर तक्रारीची मुदत उलटलेली असते.

स्लायसरमध्येही हीच हेळसांड पुढे चालू राहते. फिलामेंटच्या सेटिंगमध्ये घनता पीएलएची तशीच ठेवून एबीएस छापलं, तर लांबी बरोबर येते, कारण ती आकारमान आणि व्यासावरून निघते. पण वजन आणि खर्च १९ टक्के फुगतो. तिथे खरी घनता भरायची तर ती छापलेली हवी ना! ती मिळवायला मला दर वेळी नवा स्पूल कापून, मोजून, तोलून बसावं लागतं. निव्वळ वजन, घनता, व्यास आणि त्याची सहनमर्यादा, एवढ्या चार आकड्यांना लेबलवर एक ओळ पुरते. ती छापा.