Kc मोठा असला तरी HI मोडतो

रासायनिक समतोलाची गणितं सोडवताना अभिक्रियेची दिशा ओळखण्यासाठी पुढचा सल्ला ऐकू येतो. त्यात Kc म्हणजे समतोल स्थिरांक आणि Q म्हणजे अभिक्रिया भागफल.

«Kc एकपेक्षा मोठा असेल तर अभिक्रिया पुढे जाते, लहान असेल तर मागे. भांड्यात आधीच उत्पादित जास्त असेल तर ती मागेच वळणार. Q काढत बसण्यात वेळ घालवू नका.»

पहिलं वाक्य पाडायला एक मिश्रण पुरेसं आहे. ४३०° सेल्सिअसला H₂ + I₂ ⇌ 2HI या अभिक्रियेचा Kc सुमारे ५४.३ आहे. बंद भांड्यात H₂ आणि I₂ प्रत्येकी ०.०१० आणि HI ०.१० मोल प्रति लीटर आहेत असं धरा. Kc च्याच सूत्रात या आत्ताच्या संहती घातल्या की Q मिळतो:

Q = [HI]² / ([H₂][I₂]) = (०.१०)² / (०.०१० × ०.०१०) = १००

Q हा Kc पेक्षा मोठा निघाला, म्हणजे या तापमानाला टिकेल त्याहून जास्त HI भांड्यात आहे. तो मोडणार आणि अभिक्रिया मागे जाणार. किती मागे? H₂ आणि I₂ प्रत्येकी x ने वाढले, तर HI २x ने घटेल. दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं की (०.१० − २x) / (०.०१० + x) = ७.३७, आणि x सुमारे ०.००२८ येतो. आयोडीन ०.०१० वरून ०.०१२८ वर जातं, त्यामुळे वाफेचा जांभळा रंग गडद होतो. Kc ५४ असूनही!

लहान Kc चंही तसंच. २५° ला N₂O₄ ⇌ 2NO₂ चा Kc जेमतेम ०.००४६ आहे. तरीही नुसता रंगहीन N₂O₄ घेतला तर Q शून्य असतो, आणि तपकिरी NO₂ तयार होतोच.

आता दुसरं वाक्य. त्याच ४३०° च्या भांड्यात HI ०.०५० ठेवा, बाकी सगळं तेच. HI अजूनही हायड्रोजनच्या पाचपट आहे, पण Q येतो २५. तो ५४.३ पेक्षा कमी, म्हणून अभिक्रिया पुढे जाते. इथे मुलं हमखास एक चूक करतात: HI चा वर्ग विसरतात. मग Q ५०० येतो आणि दिशा उलटी निघते. सुदैवाने ही चूक लपत नाही. मागे जाते असं धरून समीकरण सोडवलं तर x ऋण येतो, सुमारे −०.००२५. x ऋण आला की आधी घातांक तपासा.

वेळेचं म्हणाल, तर हा Q काढायला एक ओळ लागली. मात्र Kc त्याच तापमानाचा हवा, आणि Q कडून वेगाची अपेक्षा ठेवू नका. साध्या खोलीच्या तापमानाला H₂ आणि आयोडीनची वाफ एकत्र ठेवली तर Q शून्य असतो, दिशा नक्की पुढची असते, पण अभिक्रिया इतकी मंद चालते की बराच काळ काहीच घडलेलं दिसत नाही.