‘पुढचे ४८ तास’ म्हणजे नेमके काय?

“डॉक्टर रोज म्हणतात, पुढचे ४८ तास महत्त्वाचे आहेत. आम्ही यातून काय समजायचं?” पुण्याहून चुलतभावाने विचारले आहे; तिथे घरातले एक जण अतिदक्षता विभागात आहेत.

ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागात काम करताना माझे मत असे झाले आहे की, मुदतीला तेव्हाच अर्थ येतो, जेव्हा तिच्यात काय पाहायचे आहे हेही सांगितले जाते. न्यूमोनियातून सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत, गेलेल्या एका वृद्धाचे उदाहरण घेतो. चौथ्या दिवशी व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ८० टक्क्यांवरून ५५वर आला होता आणि रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनची मात्रा निम्मी झाली होती, पण लघवी बंद असल्याने डायलिसिस चालू होते. मूत्रपिंडांनी गाळून टाकायचे क्रिएटिनिन रक्तात उतरले, म्हणजे मूत्रपिंडे सुधारली, असे मुलाला वाटत होते. आकडा त्याने अचूक वाचला होता, मात्र तो डायलिसिसच्या यंत्राने उतरवला होता. सुधारणेची खरी खूण लघवी पुन्हा सुरू होणे ही असते. रुग्णाच्या बहिणीला आपल्या दिराचे आयुष्यभराचे डायलिसिस आठवत होते आणि तसे इथे होणारच नाही, असे कोणी म्हणू शकत नव्हते.

आमच्या वरिष्ठ डॉक्टर या दोघांजवळ बसून म्हणाल्या, “ते अजूनही इतके आजारी आहेत की दगावू शकतात. फुप्फुसे आणि रक्तदाब कालपेक्षा बरे आहेत. मेंदू किती सावरला आहे, हे झोपेचे औषध उतरल्यावरच कळेल आणि मूत्रपिंडे बंद असताना ते शरीरात रेंगाळते, म्हणून उशिरा जाग आली तर लगेच वाईट अर्थ काढू नका. गुरुवारी पुन्हा बोलू; मध्येच ऑक्सिजन वाढवावा लागला किंवा रक्तदाबासाठी दुसरे औषध लागले, तर त्याच दिवशी फोन करू.” मग त्यांनी विचारले की, कशा प्रकारचे जगणे रुग्णाला स्वतःला मान्य झाले असते. मुलगा बराच वेळ बोलला नाही, पण पुढची चर्चा त्याच्या उत्तरावरूनच झाली.

आपल्याकडे हे तसेच्या तसे जमेल, असे मी म्हणत नाही. इथे ब्रिटनमध्ये रोजचे बिल नातेवाइकांच्या हातात पडत नाही आणि उपचार थांबवण्याचा वैद्यकीय निर्णय डॉक्टर स्वतःवर घेतात. महाराष्ट्रात डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० मध्ये कायदा करावा लागला. अशा भीतीत तोलून-मापून बोलणारा डॉक्टर मला निष्ठुर वाटत नाही. तरीही जिथे घर गहाण ठेवून दिवस विकत घेतले जातात, तिथे मोघम मुदत अधिक महाग पडते. म्हणून भावाला मी लिहिले की, ४८ तासांत कोणती गोष्ट सुधारायला हवी, ती सुधारली नाही तर आपण काय करणार आणि तोवर खर्च किती येईल, हे डॉक्टरांना घरातल्या एकाच माणसाने शांतपणे विचारावे. काकूंना यातले किती सांगायचे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.