अल्फा आणि ‘हाव ना भाऊ’

प्रबंधासाठी प्रश्नावली करणाऱ्याला सल्ला मिळतो तो असा: “लायकर्टची, ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशी पाच बिंदूंची मापनी घ्या, 30 जणांकडून पायलट, म्हणजे चाचणीचे फॉर्म भरून घ्या. क्रोनबॅक अल्फा 0.7 च्या वर आला की प्रश्नावली पक्की. पद्धतीच्या प्रकरणात एवढं पुरतं.”

सगळा भरवसा अल्फावर आहे, म्हणून आधी तोच पाहू. विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, एवढंच अल्फा सांगतो. दहा विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा 0.3 असला तरी तो 0.81 भरतो. आता यवतमाळच्या कापूसवाल्यांसाठी पीक विम्यावरची दहा विधानं घ्या, सगळी योजनेच्या बाजूची. वही घेऊन आलेला माणूस शेतकऱ्याच्या लेखी तालुक्यावरून आलेला असतो. “हाव ना भाऊ, चांगलाच हाय विमा.” कुणी दहाही वेळा हो म्हणतो, कुणी हातचं राखून बोलतो. हा स्वभावातला फरक प्रत्येक उत्तरात उमटतो आणि अल्फा चढतो. म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांनी तो उलट वाढूही शकतो.

हे पकडायचं तर उलटी जोडी घालावी. आधी “नुकसान झालं की विम्याचे पैसे वेळेवर मिळतात”, पुढे बऱ्याच अंतराने “विम्याच्या पैशासाठी हेलपाटे घालावे लागतात.” दोन्हींना हो म्हणणारे बरेच निघाले, तर मोजला जातोय तो होकार, मत नव्हे. अल्फा काढण्याआधी उलट्या विधानाचे गुण फिरवायला, म्हणजे 5 चा 1, 4 चा 2 करायला, मात्र विसरू नका.

उत्तर सुचवणारा आणखी एक प्रश्न पाहा: “नुकसान झाल्यावर 72 तासांच्या आत रीतसर कळवलं होतं ना?” यात तर नियम आणि अपेक्षित उत्तर दोन्ही सांगून टाकलंय. त्याऐवजी विचारा: नुकसान कधी झालं? कुणाला कळवलं का? कधी? तास आपण मोजावेत.

मापनीचं थोडक्यात. छापील फॉर्मवर पाच बिंदू ठीक. वाचून दाखवताना ‘सहमत’ आणि ‘पूर्णपणे सहमत’ यांतला फरक हवेत विरतो आणि ‘तटस्थ’मध्ये ‘माहीत नाही’वाले येऊन बसतात. आधी पटतं की नाही, मग थोडं की पुरतं, असं दोन टप्प्यांत विचारावं आणि ‘माहीत नाही’चा रकाना वेगळा ठेवावा.

राहिला पायलट. तीस फॉर्म भरून घेतले तर प्रश्न कुठे अडला ते कळत नाही, आणि एवढ्यावर काढलेला अल्फाही डळमळीत असतो. मुख्य नमुन्यात नसलेल्या गावात आठ-दहा जणांजवळ बसावं, प्रत्येक प्रश्नानंतर “तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा” म्हणावं. उत्पन्न विचारलं तर कुणी पीक सांगतो, कुणी पैसे. प्रकरणात मला अल्फाच्या आधी या बदलांचा तक्ता पाहायचा असतो. त्यातली एक ओळ अशी: जुना प्रश्न ‘कापसाचं उत्पन्न किती?’; अडचण, काहींनी क्विंटल सांगितले, काहींनी रुपये; नवा प्रश्न ‘गेल्या हंगामात एकरी किती क्विंटल कापूस निघाला?’